कुंडीतील कॉफीला फळ येईल काय?

भोपाळ शहराच्या पूर्वेस, रायसेनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आनंद नगर ही वस्ती आहे. तेथील घरांच्या पडव्यांत आणि सज्जांत तुळस, मोगरा, जास्वंद यांच्या कुंड्यांच्या ओळीत एखादे वेळी कॉफीचे रोपही दृष्टीस पडावे, यात नवल नाही. दक्षिणेत प्रवासास गेलेले कुटुंब परत येताना असे रोप हौसेने आणते, किंवा जवळच्या रोपवाटिकेत ते मिळून जाते. पाने हिरवीगार, तकतकीत. रोप दिसण्यात देखणे. पहिली दोनतीन वर्षे घरातील मंडळी त्याच्या वाढीवरच संतुष्ट असतात. चौथ्या वर्षी मात्र प्रश्न उभा राहतो. झाड कमरेइतके झाले, पाने भरघोस आली, पाणी एक दिवसही चुकले नाही. मग फूल का नाही?

या प्रश्नाचे उत्तर ऐकताना प्रथम विचित्र वाटेल. पुष्कळदा फूल येत नाही याचे कारण पाणी चुकत नाही हेच असते. कॉफीच्या झाडाला वाढण्यासाठी ओल लागते, पण फुलण्यासाठी तहान लागते. आणि ती तहान वर्षातील ठरावीक दिवसांत लागावी लागते. हे एक सूत्र नीट समजले म्हणजे उजेड, पाणी, जागा आणि ऋतू यांविषयीचे बाकीचे नियम आपोआप उलगडू लागतात.

कुंडीतील कॉफीला फळ येऊ शकते, याविषयी शंका बाळगण्याचे कारण नाही. ही गोष्ट तीनशे वर्षांपूर्वीच सिद्ध झालेली आहे. जावा बेटातून 1706 साली कॉफीचे एक रोप हॉलंडमधील अ‍ॅम्स्टरडॅमच्या वनस्पति-उद्यानात आणण्यात आले. तेथील थंडी या झाडाला एक रात्रही सोसणारी नव्हती. म्हणून त्याला काचगृहात ऊब देऊन वाढविले. तेथे ते फुलले, फळले, आणि त्याच्या बियांपासून नवी रोपे झाली. त्यांतीलच एक रोप 1714 साली फ्रान्सचा राजा चौदावा लुई यास भेट म्हणून देण्यात आले. वेस्ट इंडीज बेटांतील कॉफीच्या लागवडीचा उगम या काचगृहातील वंशाकडेच जातो. हॉलंडच्या माळ्यांना थंडीशी झगडावे लागले. भोपाळच्या गृहस्थाला उन्हाशी झगडावे लागते, इतकाच फरक.

या कथेत आणखी एक बोध आहे. एकट्या झाडापासून बी मिळाले, कारण ते झाड अरेबिका जातीचे होते. व्यापारात कॉफीच्या दोन मुख्य जाती आहेत, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिकाचे फूल आपल्याच परागाने फळ धरते. रोबस्टाचे तसे नाही. त्याला वेगळ्या वाणाच्या दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. पडवीत एकटे उभे असलेले रोबस्टाचे झाड कितीही फुलले तरी बहुतेक वांझच राहावयाचे. तेव्हा रोप घेतानाच पानाकडे पाहावे. अरेबिकाचे पान साधारण वीतभराच्या आत, काळपट हिरवे आणि चकचकीत असते. रोबस्टाचे पान त्याहून बरेच मोठे, रुंद आणि शिरांच्या मध्ये फुगीर असे सुरकुतलेले दिसते. कर्नाटकातील चिकमगळूर जिल्ह्यात बाळेहोन्नूर येथे कॉफी मंडळाची मध्यवर्ती संशोधन संस्था आहे. तेथे तयार झालेले चंद्रगिरी नावाचे अरेबिकाचे वाण ठेंगणे, जवळजवळ पेरांचे असून कुंडीला विशेष सोयीचे आहे.

बियांपासून रोप करण्याची हौस असेल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कॉफीच्या दाण्यास जुन्या मराठीत बुंद म्हणत. दुकानात मिळणारा भाजलेला बुंद तर मेलेलाच असतो. परंतु न भाजलेला, हिरवट दिसणारा दाणाही सहसा रुजत नाही, कारण कॉफीच्या बीची रुजण्याची शक्ती काही महिन्यांतच संपते. ताज्या पिकलेल्या फळाचे, सावलीत सुकविलेले बीच हवे. ते सपाट बाजू खाली करून अर्धा इंच खोल पेरले म्हणजे दीडेक महिन्यात कोंब वर येतो, आणि तो आपल्या डोक्यावर बीच उचलून आणतो. काडीवर टोपी ठेवावी तसे ते दिसते. ती टोपी हाताने काढू नये. आतील पाने ती आपोआप झुगारून देतात. रोप हलविताना सोटमूळ वाकणार नाही याची मात्र फार काळजी घ्यावी. मूळ खाली दुमडले गेले, तर झाड दोनतीन वर्षे चांगले वाढते आणि पहिल्या फळाच्या भाराबरोबर एकाएकी वाळते. त्या वेळी दोष पाण्याला दिला जातो. खरा दोष लावणीच्या दिवशीच झालेला असतो.

आता या झाडाचे मूळ घर कसे आहे ते पाहू. अरेबिका हे इथिओपियाच्या डोंगराळ अरण्यातील झाड आहे. तेथे ते उंच वृक्षांच्या छायेत वाढते. हवा फार गरम नाही, फार थंडही नाही. पंधरा ते पंचवीस अंशांच्या आसपास. महाराष्ट्रात या हवेची आठवण करून देणारी एक जागा आहे. अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातील चिखलदरा येथे इंग्रजी अमदानीपासून कॉफीचे मळे आहेत. चिखलदरा भोपाळपासून फार दूर नाही. ते सातपुड्याच्या रांगेत, भोपाळच्या दक्षिणेस आहे. मग तेथे कॉफी जमिनीत होते आणि आनंद नगरात कुंडीतही अडते, असे का? उत्तर उंचीत आहे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंच, तर भोपाळ सुमारे पाचशे. हजार मीटर चढले की हवा सहासाडेसहा अंशांनी उतरते, या हिशेबाने केवळ उंचीमुळेच दोन्ही ठिकाणांत जवळजवळ चार अंशांचे अंतर पडते. मे महिन्यात भोपाळचा पारा चाळीस अंशांवर जातो आणि कोरडी लू वाहते, तेव्हा हे चार अंश म्हणजे जगणे आणि होरपळणे यांतील अंतर ठरते. हे अंतर भरून काढणे, हेच पडवीतील बागाइतदाराचे काम.

प्रथम उजेडाचा विचार. अरण्यातील छायेचे झाड म्हणून पुष्कळ लोक कॉफीची कुंडी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवतात. तेथे ती मरत नाही. परंतु फुलतही नाही. छाया म्हणजे अंधार नव्हे. कुर्ग आणि चिकमगळूरच्या मळ्यांत कॉफीवर सावली धरण्यासाठी पांगारा लावतात, आणि पावसाळ्यात उजेड कमी झाला की त्याच्या फांद्या छाटून प्रकाश आत सोडतात. म्हणजे झाडाला हवी असते ती गाळलेली उन्हे. आनंद नगरातील घरात याला सर्वांत योग्य जागा म्हणजे पूर्वेची पडवी. सकाळचे कोवळे ऊन दोनतीन तास मिळावे आणि नऊच्या पुढे सावली यावी. पश्चिमेचा सज्जा कॉफीचा वैरी समजावा. गच्चीवरच ठेवणे भाग असेल, तर निम्मे ऊन अडविणारी हिरवी जाळी वर बांधावी. उजेड पुरेसा आहे की नाही हे ओळखण्याची सोपी रीत अशी: दुपारी पानांवर वीतभर अंतरावर हात धरावा. सावलीच्या कडा पुसट पण ओळखू येतील अशा असल्या तर प्रकाश योग्य. कडा चाकूसारख्या स्पष्ट असतील तर ऊन अधिक. सावलीच पडत नसेल तर जागा अंधारी.

झाड स्वतःही हे सांगत असते. ऊन अधिक झाले की वरच्या पानांवर कागद जळावा तसे तपकिरी डाग पडतात. उजेड कमी पडला की पाने काळसर, पातळ होतात आणि दोन पानांच्या जोड्यांमधील पेर लांबत जाते. ही दुसरी खूण लोकांना वाढीची वाटते. वस्तुतः ती उपासमारीची असते. लांब पेरांच्या झाडावर फांद्या थोड्या, आणि जेथे फांद्या थोड्या तेथे फुलांना जागाही थोडी.

याचे कारण झाडाच्या रचनेत आहे. कॉफीच्या मधल्या उभ्या खोडाला फूल येत नाही. फूल येते ते त्याच्या दोन्ही अंगांस आडव्या पसरणाऱ्या फांद्यांवर, आणि तेही मागील हंगामात वाढलेल्या पेरांच्या बगलेत. एकदा फळलेले पेर पुन्हा सहसा फळत नाही. पुढच्या वर्षाचे फळ पुढच्या कोवळ्या पेरांवर येते. म्हणून झाड सव्वादोन ते अडीच फूट झाले, की मधला शेंडा खुडून टाकावा. मग त्याचे बळ आडव्या फांद्यांत जाते. शेंडा खुडल्यावर खोडापासून सरळ वर जाणारे धुमारे फुटतात. तेही वेळोवेळी काढावेत. मात्र दिवाळीच्या स्वच्छतेच्या उत्साहात आडव्या फांद्यांची टोके छाटू नयेत. त्या टोकांजवळच पुढील वसंताच्या कळ्या बसलेल्या असतात.

कुंडीची माती हा दुसरा विचार. भोपाळच्या परिसरात काळी माती विपुल आहे. ती गव्हाला आणि हरभऱ्याला चांगली. कॉफीला मात्र ती दोन कारणांनी मानवत नाही. पाणी धरून ठेवल्याने मुळे गुदमरतात, आणि तिच्यात चुन्याचा अंश असतो. कॉफीला किंचित आंबट माती लागते. दक्षिणेतील रोपवाटिकांत सहा भाग रानमाती, दोन भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू असे मिश्रण वापरतात. रानमातीऐवजी तांबडी माती आणि पानांचे कुजलेले खत मिसळून घेतले तरी चालते. कुंडीसाठी वाळू थोडी अधिक टाकावी. चुलीची राख, अंड्यांची टरफले आणि चुना या वस्तू इतर झाडांना घालण्याची घरोघरी रीत आहे. कॉफीला त्या देऊ नयेत. आंबटपणा नाहीसा झाला म्हणजे मातीतील लोह झाडाला मिळेनासे होते. मग नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. विंधणविहिरीच्या जड पाण्यानेही हेच घडते. म्हणून पावसाचे पाणी पिंपात साठवून त्याचा उपयोग करावा. कॉफी गाळून उरलेला चोथा घालण्याची कल्पना अनेकांना आवडते. तो मूठभर, कुजवून घातला तर अपाय नाही. पण त्यात कॉफीच्या झाडासाठी काही खास पोषण आहे, ही समजूत मात्र खोटी आहे.

आता पाण्याकडे वळू. कारण सारे यश येथेच आहे. वर्षातील दहा महिने नियम साधा आहे. बोट दोन पेरे मातीत खुपसावे. वरचा थर कोरडा लागला तर खालून निथळेपर्यंत पाणी द्यावे, ओला लागला तर थांबावे. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नये. पाने मलूल झाली की पुष्कळ जण धावत झारी घेऊन येतात. तत्पूर्वी माती पाहावी. माती कोरडी आणि पाने मलूल, तर ती तहान. माती ओली आणि पाने मलूल, तर मुळे कुजू लागली आहेत, आणि तेव्हा दिलेले पाणी विष ठरते.

उरलेले दोन महिने निराळे. मळ्यांत काय घडते ते पाहिले म्हणजे हे समजेल. दक्षिणेत पावसाळ्यानंतर दिवस लहान होत जातात, तसतशा कॉफीच्या पेरांत बारीक कळ्या धरतात. त्या तांदळाच्या दाण्याएवढ्या होतात आणि थबकतात. महिना जातो, दोन महिने जातात. कळी हलत नाही. जमीन सुकत असते, झाड तहानत असते. मग मार्च-एप्रिलात एक वळवाची सर येते. मळेवाले तिला फुलांचा पाऊस म्हणतात आणि तिची चातकासारखी वाट पाहतात. इंच-दीड इंच पाणी पडले की झोपलेली कळी जागी होते, आणि आठदहा दिवसांनी एका पहाटे सारा मळा पांढरा होतो. सुकलेल्या झाडावर एकदम पडलेले पाणी, हीच कळी उघडण्याची किल्ली. ज्या कुंडीला रोज पाणी मिळते तेथे कुलूपच लागत नाही. मग किल्ली काय उघडणार? अशा झाडाच्या कळ्या एक तर निजूनच राहतात, किंवा एक आज, दोन पुढच्या पंधरवड्यात अशा तुरळक फुलून जातात.

भोपाळच्या हवेत या कामासाठी निसर्ग अर्धा हात देतो. येथे पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर याच महिन्यांत पडतो आणि हिवाळा कोरडा असतो. पण उरलेल्या अर्ध्या भागात तो दगा देतो. वळवाच्या सरीची वाट पाहत एप्रिलपर्यंत थांबावे, तर तोवर पारा अडतीसवर गेलेला असतो. इतक्या उष्णतेत उघडलेली कळी नीट फुलत नाही. तिच्या पाकळ्या आखूड, ताठ आणि हिरवट राहतात, फूल चांदणीसारखे दिसते आणि फळ धरत नाही. म्हणून आनंद नगरातील फुलांचा पाऊस मेघांवर सोपविता येत नाही. तो घरच्या माणसाने झारीने, आणि फेब्रुवारीत पाडावा लागतो.

हा क्रम एका कुंडीच्या उदाहरणाने पाहू. समजा, पूर्वेच्या पडवीत चार वर्षांचे, तीन फुटांच्या आतले अरेबिकाचे झाड आहे आणि कुंडीचे तोंड चौदा इंच आहे. पावसाळ्यात त्याने नवी पेरे काढली. दर महिन्यास त्याला दोन मुठी कुजलेले खत मिळाले. ऑक्टोबरपासून पेरांच्या बगलेत बारीक हिरवे ठिपके दिसू लागले. डिसेंबरच्या मध्यापासून पाणी आखडावे. कुंडीतील माती मळ्यातील जमिनीपेक्षा फार लवकर सुकते. त्यामुळे पाणी अगदी बंद करणे धोक्याचे. आठदहा दिवसांतून एकदा अर्धा लिटर पाणी पुरे. झाडाकडे रोज पाहावे. दुपारी पाने किंचित झुकली आणि पहाटे पुन्हा ताठ झाली, तर तहान योग्य प्रमाणात आहे. पहाटेसही ती झुकलेलीच राहिली, तर मर्यादा ओलांडली. त्याच क्षणी अर्धा लिटर पाणी द्यावे. याच काळात थंडीची लाट आल्यास पारा पाच अंशांच्या जवळ जाऊ शकतो. अशा रात्री कुंडी घरात घ्यावी, कारण दंवाने कळी आणि पान दोन्ही काळी पडतात.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कळ्या तपासाव्यात. त्या तांदळाच्या दाण्याएवढ्या आणि फिकट झाल्या असतील, तर वेळ आली. आता पाणी किती? मळ्यातील दीड इंच पाऊस म्हणजे चौदा इंच तोंडाच्या कुंडीवर सुमारे पावणेचार लिटर पाणी. संध्याकाळी, हवा गार झाल्यावर, हे पाणी तीन वेळांत सावकाश द्यावे. एकदम ओतले तर सुकलेल्या मातीच्या कडेने ते वाहून जाते आणि मूळ कोरडेच राहते. शेवटी थोडे पाणी पानांवर आणि फांद्यांवरही शिंपडावे. खालून पाणी निथळले म्हणजे काम झाले. येथे कंजूषी करणे सर्वांत वाईट. अर्धवट पाण्याने कळी जागी होते, पण पुरती उघडत नाही, आणि वर्ष वाया जाते.

आठदहा दिवसांनी सकाळी दार उघडताच मोगऱ्याच्या जातीचा सुवास पडवीत भरलेला आढळेल. पांढरी, पाच पाकळ्यांची फुले फांदीला चिकटून गुच्छाने उमलतात आणि दोनतीन दिवसांत सुकतात. त्या दिवसांत फुलांवर पाणी मारू नये. पराग वाहून जातो. घरात वारा आणि माश्या कमी असतील, तर दहाअकराच्या सुमारास फांद्या हलक्या हाताने हालवाव्यात, म्हणजे पराग झडून जागच्या जागी पडतो.

यानंतर खरी परीक्षा. फूल गळाल्यावर जागेवर टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे फळ राहते, आणि सहाआठ आठवडे ते तेवढेच दिसते. पुष्कळांना वाटते, फळ धरलेच नाही. ते धरलेले असते. फक्त थांबलेले असते. दुर्दैवाने भोपाळात हेच आठवडे मार्च-एप्रिलचे, तापत्या उन्हाचे असतात. आता तहानेचा खेळ संपला. आता एक दिवसही पाणी चुकले तर टाचणीची डोकी टपटप गळतात. मार्च उजाडताच कुंडी उत्तरेच्या पडवीत न्यावी. ती मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरावी, किंवा बाहेरून ओले पोते गुंडाळावे; त्यामुळे मुळांजवळची माती तापत नाही. मातीवर वाळक्या पानांचा दोन बोटे थर द्यावा. पाणी रोज सकाळी, आणि मेमध्ये संध्याकाळीही द्यावे. भोपाळच्या घराघरांत उन्हाळ्यात वाळ्याचा कूलर चालतो. त्या खोलीतील दमट, गार हवा कॉफीला फार मानवते. मात्र कुंडी झोताच्या तोंडावर ठेवू नये आणि खिडकीचा उजेड सोडू नये. वातानुकूलित खोलीची हवा याउलट कोरडी असते, आणि पानांची टोके तेथे करपू लागतात.

जून उजाडतो, पहिला पाऊस येतो आणि ती टाचणीची डोकी झपाट्याने फुगू लागतात. या वेळी झाडाला खत हवे, कारण वाढीचा सर्व भार आता फळावर पडतो. एखाद्या फांदीवर फळे दाट आणि पाने विरळ असतील, तर निम्मी फळे तोडून टाकावीत. मन होत नाही; पण तसे न केल्यास फांदी टोकाकडून वाळत येते, आणि फळाबरोबर पुढच्या वर्षाची पेरेही जातात. फांद्यांच्या बगलेत कापसासारखे पांढरे ठिपके दिसले आणि मुंग्यांची ये-जा सुरू झाली, तर तो पिठ्या ढेकूण समजावा. साबणाच्या पाण्यात भिजविलेल्या फडक्याने तो पुसून काढावा. कुंडीभोवतीच्या मुंग्या हटविल्या नाहीत तर तो परत येतो.

फुलापासून सातआठ महिन्यांनी, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास, हिरवे फळ पिवळसर होऊन मग बोरासारखे लाल होते. सर्व फळे एकदम पिकत नाहीत. पिकेल तसे काढावे. डिसेंबरपूर्वी झाड पूर्ण मोकळे झाले पाहिजे, म्हणजे तहानेची नवी पाळी सुरू करता येते. साल चिमटीत दाबताच दोन दाणे बाहेर येतात. ते दीड दिवस पाण्यात ठेवून त्यांचा बुळबुळीतपणा धुवावा, आठदहा दिवस वाळवावे, वरचे कडक कवच काढावे आणि लोखंडी कढईत मंद आचेवर सतत हलवीत भाजावे.

शेवटी किती मिळेल, याचा हिशेब आधीच करून ठेवलेला बरा. एका पेल्यासाठी दहा ग्रॅम भाजलेली भुकटी लागते. भाजताना वजन घटते हे धरले, तर त्यासाठी सत्तरऐंशी दाणे लागतात. आणि एका फळात दाणे दोन. म्हणजे एका पेल्यास सुमारे चाळीस फळे. पहिल्या बहराच्या वर्षी कुंडीतील झाडाकडून याहून फार अधिकाची अपेक्षा धरू नये. बियांपासून केलेल्या रोपावर तो पहिला पेला यावयास चारपाच वर्षे लागतात, आणि उन्हाळा सांभाळता आला नाही तर ते वर्ष फुलांवरच भागवावे लागते. ज्याला घरच्या कॉफीवर वर्ष काढावयाचे आहे, त्याने बाजाराचीच वाट धरावी. ज्याला कुंडीतल्या झाडाला एकदा लाल फळ लागलेले पाहावयाचे आहे, त्याने मात्र या डिसेंबरात झारी खाली ठेवावी, आणि फेब्रुवारीतील त्या एका संध्याकाळपर्यंत पानांवर नजर ठेवून धीर धरावा.